घरचा पाव दगडासारखा का होतो?

बीडच्या भगिनी, तुमचं यीस्ट छान फेसाळतं ना? मग दोष त्याचा नाही. अर्धा किलो मैद्याला तुम्ही पाव लिटरच पाणी घालता. ही तर पुरीची कणीक झाली! इतकं घट्ट पीठ ताणलं जात नाही, म्हणून फुगतही नाही. पाणी सव्वातीनशे मिलिलिटर घ्या. पीठ हाताला चिकटेल, पण वरून कोरडा मैदा लावू नका. तिथेच सगळं बिघडतं. दहा मिनिटं झाकून ठेवा, मग पंधरा मिनिटं ताणून-दुमडून मळा. ज्वारीचं पीठ कितीही मळलं तरी तुटतंच. मैद्यात मात्र मळण्याने चिवट जाळी तयार होते, ती हवा धरून ठेवते. लिंबाएवढा गोळा ताणून पाहा. न फाटता पातळ पापुद्रा निघाला, की मळणं थांबवा.