व्हिडिओ मेमरीचा आकडा नीट सांगा

मॉनिटरिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना आणि ग्राफिक्स कार्डांची परीक्षणे लिहिणाऱ्यांना,

गेम खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात `Memory usage` असा आकडा दिसतो आणि त्याच्या भरवशावर लोक हजारो रुपयांचे कार्ड निवडतात. आफ्टरबर्नरमध्ये हा आकडा संपूर्ण कार्डाचा असतो. गेमबरोबरच ब्राउझर आणि विंडोजचा डेस्कटॉप यांनी राखून ठेवलेली मेमरीही त्यात धरलेली असते. त्यातली किती मेमरी चित्र काढताना खरोखर वाचली जाते, हे त्यावरून कळत नाही.

समजा, 16 जीबीच्या कार्डावर हा आकडा 11 जीबी आहे. `Memory usage \ process` चालू केल्यावर गेमच्या वाट्याला साडेनऊ येतात, म्हणजे दीड जीबी इतरांची. पण हे साडेनऊही गेमने राखलेलेच आहेत. विंडोज प्रत्येक प्रोग्रामला मेमरीचे बजेट कळवते आणि मोठ्या कार्डावर ते मोठे असते. जागा मोकळी दिसली की अनेक गेम मागे पडलेल्या भागांची टेक्स्चर्सही काढून टाकत नाहीत. म्हणून हाच गेम 8 जीबीच्या कार्डावर साडेसहा जीबीत तितकाच सुरळीत चालू शकतो. अशा वेळी ‘या गेमला 11 जीबी लागते’ हे तुमचे वाक्य साफ चुकीचे ठरते.

उलट बाजूची चूक मला जास्त घातक वाटते. 8 जीबीच्या कार्डावर आकडा साडेसातला थांबला की वाचक समजतो, अजून जागा आहे. प्रत्यक्षात न मावलेला डेटा संगणकाच्या रॅममध्ये गेलेला असू शकतो. आरटीएक्स 4060 टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला 288 जीबी वेगाने वाचली जाते; रॅमकडून येणारा पीसीआय एक्सप्रेसचा रस्ता एका दिशेने जेमतेम 16 जीबीचा. त्यामुळे गेम अडखळतो. टास्क मॅनेजरमधला `Shared GPU memory` हा आकडा त्याच वेळी पाहा. तो थोडा तर नेहमीच असतो. खेळताना तो वाढत गेला आणि फ्रेमटाइमच्या आलेखात उंच टोके उमटू लागली, तर मेमरी खरोखर कमी पडते आहे. काही गेम मात्र अडखळत नाहीत, गुपचूप धूसर टेक्स्चर्स वापरतात. तिथे आलेख स्वच्छ दिसतो, म्हणून चित्रही पाहावेच लागते.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनो, मूळ आकड्याला ‘राखीव मेमरी’ म्हणा आणि गेमचा वाटा व रॅममध्ये गेलेला भाग त्याच्या शेजारी आपोआप दिसू द्या. परीक्षकांनो, 4060 टीआय 8 आणि 16 जीबी अशा दोन्ही रूपांत आली, चिप तीच. एकाच सेटिंगवर, निदान अर्धा तास खेळून अशा जोडीची तुलना करा. त्यात फरक दिसला तरच ‘लागते’ हा शब्द वापरा.

आपला,
एक वाचक