एक कोटी व्ह्यूजनंतर हातात किती?

पनवेलमध्येही आता घराघरात कोणी ना कोणी शॉर्ट्स बनवतं. "चॅनल चाललं की महिन्याला लाख रुपये" असं सांगून कोर्स विकणारेही भेटतात. म्हणून पैसे भरण्याआधी, नोकरी सोडण्याआधी यूट्यूबचा हिशेब नीट समजून घ्या.

जाहिरातीतला वाटा मिळवण्यासाठी एक हजार सबस्क्रायबर आणि 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. (लांब व्हिडिओंचा रस्ता वेगळा आहे: वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणं.) पाचशे सबस्क्रायबर आणि तीस लाख व्ह्यूजवरही प्रवेश मिळतो, पण त्यात फक्त प्रेक्षकांनी स्वतःहून दिलेले पैसे येतात, जाहिरातीचे नाहीत. आणि अटी स्वीकारण्याआधीच्या व्ह्यूजचे पैसे मागाहून मिळत नाहीत. म्हणजे तो पहिला कोटी फुकटच गेला.

पुढचा हिशेब असा. शॉर्ट्सच्या मध्ये दिसणाऱ्या जाहिरातींचे पैसे एकत्र जमा होतात. त्यातून गाण्यांच्या हक्कांचा भाग वजा होतो. उरलेल्यातून प्रत्येक देशातल्या व्ह्यूजच्या प्रमाणात तुमचा हिस्सा ठरतो आणि त्यातले 45 टक्के तुम्हाला मिळतात. ही पद्धत फेब्रुवारी 2023 पासून आहे.

आता समजा, पनवेलच्या एका मुलाचे महिन्याला दहा लाख व्ह्यूज आहेत आणि सगळं कापून त्याला हजारामागे दोन रुपये पडतात. झाले दोन हजार रुपये. शंभर डॉलर, म्हणजे साधारण आठ-नऊ हजार रुपये, जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. त्यामुळे चार-पाच महिने थांबावं लागेल. मोबाईलचा रिचार्ज, लाईट, एडिटिंगचा वेळ वेगळाच.

त्यातही दिसणारे सगळे व्ह्यूज धरले जात नाहीत. मार्च 2025 च्या अखेरीपासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजला जातो, पण पैसे 'एंगेज्ड व्ह्यूज'वरच मिळतात. हा आकडा स्टुडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये वेगळा दिसतो. कोणी लाखो व्ह्यूजचा स्क्रीनशॉट दाखवला तर हा आकडा आणि आरपीएम, म्हणजे हजार व्ह्यूजमागची कमाई, दाखवायला सांगा.

आपल्याकडे आणखी एक चूक सर्रास होते. मौलानांच्या बयानाचे किंवा नातचे दुसऱ्यांचे तुकडे जसेच्या तसे टाकले जातात. नियत चांगली असेल, व्ह्यूजही येतील, पण दुसऱ्याचा मजकूर तसाच टाकलेल्या चॅनलचा अर्ज नाकारला जातो. "पाच हजार द्या, मॉनेटायझेशन चालू करून देतो" म्हणणाऱ्यालाही दूर ठेवा. यूट्यूब या कार्यक्रमासाठी फी घेत नाही, आणि विकत घेतलेले व्ह्यूज मोजत नाही.

मुलाला-मुलीला हौस असेल तर जरूर करू द्या. फक्त घराचं भाडं आणि शाळेची फी या कमाईवर धरू नका. सलग सहा महिने बँकेत खरंच किती आले ते वहीत लिहा, आणि नोकरीचा विचार त्यानंतरच करा.