नंबरावर बंदी आली म्हणजे नेमके काय झाले?

वाचकहो, गेल्या काही दिवसांत एकच तक्रार घेऊन चार-पाच माणसे आमच्याकडे येऊन गेली. मोबाईलवर व्हॉट्सॲप उघडले की संदेशांऐवजी एक इंग्रजी पाटी दिसते, खाली घड्याळ उलटे चालू असते, आणि पुढे काही होत नाही. कुणी म्हणाले पोलिसांत केस झाली. कुणी म्हणाले सिमकार्ड सरकारने बंद केले. एका दादांनी तर घाबरून फोन तीन दिवस बंदच ठेवला होता! यातले काहीच खरे नव्हते. पाटीवर काय लिहिले आहे ते नीट वाचायला कुणी बसले नव्हते, एवढेच.

आमच्या ओळखीच्या एका ताईंचे उदाहरण घेऊ. ताई दोन ठिकाणी स्वयंपाकाची कामे करतात आणि महिला बचत गटाचा हिशेबही त्याच सांभाळतात. कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, बँकेच्या पावतीचा फोटो, सगळे त्यांच्या व्हॉट्सॲपवर. फोन एक, पण सिमकार्डे दोन. एक कामाच्या घरांसाठी, दुसरे गटासाठी. दोन्ही नंबरांचे व्हॉट्सॲप एकाच फोनवर हवे म्हणून वर्षभरापूर्वी मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानदाराने त्यांना 'जीबी व्हॉट्सॲप' टाकून दिले. गटाचा नंबर त्यात चालू झाला. शिवाय समोरच्याला निळी टिक न दिसणे, पुसलेला संदेशही वाचता येणे, अशा गमतीही होत्या. ताईंना त्या गमतींशी कर्तव्य नव्हते. त्यांचे काम होत होते.

मग एके दिवशी सकाळी पडद्यावर आले: Temporarily banned. खाली 22 तास आणि काही मिनिटे शिल्लक दाखवत होते. त्याच दिवशी गटाची बैठक होती.

हे जीबी म्हणजे आहे तरी काय? व्हॉट्सॲप कंपनीने केलेले मूळ ॲप कुणीतरी तिऱ्हाइताने उघडून, त्यात आपल्या मनाप्रमाणे फेरफार करून, पुन्हा बांधून वाटलेले हे ॲप. जीबी, एफएम, यो, प्लस अशी त्याची अनेक नावे आहेत. प्रत्येक खऱ्या ॲपवर ते बनवणाऱ्याचा एक डिजिटल शिक्का असतो. आतला एक अक्षर जरी बदलला तरी तो शिक्का मोडतो आणि फेरफार करणाऱ्याला स्वतःचा नवा शिक्का मारावा लागतो. कचेरीत सहीशिक्का असलेल्या दाखल्यावर खाडाखोड करून शेजारी दुसराच शिक्का मारावा, तसला हा प्रकार. म्हणूनच ही ॲपे प्ले स्टोअरवर मिळत नाहीत. कुठल्यातरी वेबसाईटवरून फाईल उतरवून घ्यावी लागते.

कंपनीच्या अटींत अशा ॲपला मनाई आहे आणि ही कारवाई नवीनही नाही. जानेवारी 2015 मध्ये 'व्हॉट्सॲप प्लस' वापरणाऱ्यांना कंपनीने 24 तासांसाठी बाहेर काढले होते. ताईंच्या पाटीतला temporarily हा शब्द त्याच जातीचा आहे. त्याचा अर्थ तात्पुरती बंदी. ही बंदी त्या नंबराच्या व्हॉट्सॲप खात्यावर असते. सिमकार्डावर नसते, फोनवरही नसते. ताईंना साधे फोन येत होते, एसएमएस येत होते, बँकेचा ओटीपीसुद्धा येत होता. पोलिसांचा यात काही संबंध नाही. ॲप काढून पुन्हा टाकले, फोन बदलला, तरी घड्याळ लवकर संपत नाही, कारण ते कंपनीच्या दारी चालू आहे, आपल्या फोनमध्ये नव्हे. त्या काळात आलेले संदेश मात्र लगेच हरवत नाहीत. पोहोचू न शकलेला संदेश कंपनीकडे 30 दिवसांपर्यंत थांबून राहतो.

या तात्पुरत्या बंदीचा खरा अर्थ असा, की हे ॲप सोडून अधिकृत ॲपवर या. घड्याळ संपल्यावर पुन्हा जीबीच उघडून बसलात तर पुढची बंदी कायमची असू शकते. "चोवीस तास थांबा, आपोआप सुटते," असे दुकानदार सांगतो ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याने नंबर जातो.

कंपनी इतकी कडक का, असे ताईंनी विचारले. कंपनीचा स्वार्थ आहेच, तो आम्ही नाकारत नाही. पण दुसरी बाजूही आहे. व्हॉट्सॲपचे संदेश वाटेत कुणाला वाचता येत नाहीत, कारण ते कुलूपबंद जातात. किल्ली फक्त दोन टोकांच्या फोनमध्ये असते. आता त्या फोनमधले ॲपच अनोळखी माणसाने बनवलेले असेल तर कुलूप दाराला आणि चोर घरात! 2021 साली कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला एफएम व्हॉट्सॲपच्या एका आवृत्तीत 'ट्रायडा' नावाचा घातकी प्रोग्राम सापडला. 2022 मध्ये यो व्हॉट्सॲपची एक आवृत्ती लोकांच्या खात्याच्या किल्ल्याच चोरताना त्याच कंपनीला आढळली. प्रत्येक प्रत अशी असते असे नाही. पण कोणती कशी आहे, हे तुम्हा-आम्हाला फोन बघून कळत नाही.

ताईंची खरी चिंता हिशेबाची होती. घरच्या मुलाने तर घाईघाईने जीबी काढून टाकायला बोट उचलले होते. त्याला थांबवले ते बरे झाले, कारण ॲप काढले की त्याचा फोल्डरही बहुधा सोबत जातो, आणि त्यात जुने संदेश असतात. पहिले काम घड्याळ संपू देणे. दुसऱ्या दिवशी जीबी उघडले तेव्हा आम्ही दुसरे काही न करता सेटिंगमध्ये Chats मध्ये जाऊन Chat backup घेतला. मग फोनच्या फाईल मॅनेजरमध्ये तो फोल्डर शोधला. जुन्या फोनवर तो वरच सापडतो. नव्यांवर Android, मग media, मग com.gbwhatsapp असा आत जावा लागतो. त्यात Databases नावाचा कप्पा आहे आणि त्यात msgstore या नावाने सुरू होणारी फाईल. तिच्यावर आजची तारीख आहे ना, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. तारीख जुनी असेल तर बॅकअप झालाच नाही असे समजावे.

कंपनी सांगते की जीबीच्या फोल्डरचे नाव बदलून WhatsApp करा. आम्ही मात्र आधी त्याची एक प्रत काढून मेमरी कार्डावर ठेवली. मूळ कागद देण्याआधी झेरॉक्स काढतोच ना आपण! त्यानंतर नाव बदलले. नव्या फोनवर तो फोल्डर Android, मग media, मग com.whatsapp यात हलवावाही लागतो. मग प्ले स्टोअरवरून व्हॉट्सॲप घेतले. ॲपच्या नावाखाली WhatsApp LLC लिहिले आहे याची खात्री करून. नंबर टाकला, एसएमएसने सहा आकडी कोड आला, फाईली वापरण्याची परवानगी दिली, आणि बॅकअप सापडला असे दिसताच Restore दाबले. गटाचे संदेश आले. ते आले हे बघितल्यावरच जीबी काढले. प्रत्येकाचे येतीलच अशी हमी नाही. फेरफार केलेल्या ॲपचे संदेश हलवण्याची जबाबदारी कंपनी घेत नाही. म्हणून ताईंनी तेव्हापासून गटाचा हिशेब वहीतही उतरवायला सुरुवात केली आहे. शेवटी Linked devices उघडून पाहिले, कुणा अनोळखी संगणकाला खाते जोडलेले नाही ना. नव्हते.

आपल्या फोनवर कोणते ॲप आहे हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी प्ले स्टोअरवर व्हॉट्सॲप शोधावे. व्हॉट्सॲप वापरात असूनही तिथे Open किंवा Update ऐवजी Install दिसले, तर फोनमधले ॲप दुसरेच आहे. काही बनावट ॲपे मूळ नावानेच राहतात. तिथे Update दिसते, पण अपडेट पूर्ण होत नाही.

आता दुसरी पाटी. तिच्यावर घड्याळ नसते. This account is not allowed to use WhatsApp, असे काहीसे लिहिलेले असते. ही जड बंदी. तीही जीबीमुळे येते, पण इतर कारणांनीही येते. अनोळखी लोकांना ढिगाने संदेश पाठवले तरी येते. त्याच पाटीवर Request a review असे बटण असेल तर ते दाबावे, एसएमएसचा कोड टाकावा आणि चार साध्या वाक्यांत खरे लिहावे: कोणते ॲप होते, आता काढले आहे, नंबर कशासाठी लागतो. खोटे लिहून उपयोग नाही. कोणत्या ॲपमधून आलात हे त्यांना दिसते. तिथे दाद लागली नाही तर भारतासाठी नेमलेल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहिता येते, आणि त्यांच्या उत्तराने समाधान झाले नाही तर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे, gac.gov.in या पत्त्यावर, अपील करता येते. ही समिती 2023 पासून काम करते. अपील ऑनलाईनच असते, वकील लागत नाही, फी नाही. नंबर परत मिळेलच असे नव्हे, पण अर्ज ऐकून घेणे त्यांना भाग आहे.

या ठिकाणी एक धंदाही सुरू झाला आहे. "पाचशे रुपये द्या, बंदी उठवतो," म्हणणारे भेटतात. बंदी उठवणे कंपनीच्या हातात आहे, त्यांच्या नाही. हे लोक पुढे तो सहा आकडी कोड मागतात. तो कोड म्हणजेच तुमच्या खात्याची चावी. दिला की तुमचा नंबर त्यांच्या फोनवर चालू होतो, आणि तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैशांची मागणी जाते. कोड पोटच्या मुलालाही फोनवर सांगू नये, त्याने समोर बसूनच टाकावा.

राहिला ताईंचा मूळ प्रश्न, दोन नंबरांचा. ज्या सोयीसाठी दुकानदाराने जीबी टाकले ती सोय ऑक्टोबर 2023 पासून खऱ्या व्हॉट्सॲपनेच अँड्रॉईडवर आणली आहे. सेटिंगमध्ये आपल्या नावाशेजारच्या बाणावर बोट ठेवले की Add account येते. दुसऱ्या नंबरवर एकदा कोड येतो, तेवढ्यापुरते ते सिम चालू हवे. निळी टिक आणि 'शेवटचे कधी पाहिले' हे लपवणेही प्रायव्हसीत आहे. पुसलेले संदेश वाचण्याची सोय तेवढी नाही, आणि ज्याने संदेश पुसला त्याची इच्छा पाहता ती नसलेलीच बरी. ताईंची दोन्ही खाती आता एकाच ॲपमध्ये आहेत. त्या दुकानदाराच्या स्वतःच्या फोनवर मात्र अजून जीबीच चालू आहे, असे ताईंनी परवा सांगितले.