रँक लागली, आता लिस्ट लावा!

तुमच्या ग्रुपमध्ये एखादी डॉक्टर मैत्रीण असेलच. बाकीचे सगळे अप्रेझल, ऑनसाइट आणि फ्लॅटच्या हप्त्यांवर बोलत असतात, तेव्हा ही एकटीच पंचवीस-सव्विसाव्या वर्षी अजून परीक्षेचं बोलत असते. एमबीबीएस झालं, इंटर्नशिप झाली, तरी तिची गाडी 'नीट पीजी'पाशी अडलेली. २०० प्रश्न, ८०० मार्क, चुकीच्या उत्तराला एक मार्क वजा. निकाल लागला की मार्क कोणी विचारत नाही, सगळे एकच विचारतात, "रँक किती?" आणि त्यानंतर घरात जी चर्चा सुरू होते, ती लग्नाच्या बोलणीपेक्षा कमी नसते.

समजा, आपल्या या मैत्रिणीची रँक ३० हजारांच्या आसपास आली. कॅटेगरी ओपन. रेडिओलॉजी आणि डर्मा सरकारी कॉलेजात मिळणार नाही, हे तिला पहिल्या मिनिटाला कळतं, कारण त्या जागा पहिल्या काही हजारांतच संपतात. मग उरतं काय? मागच्या वर्षीच्या याद्यांवरून असं दिसतं, की गायनॅक म्हणजे स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र अगदी काठावर आहे. मिळालंच, तर घरापासून लांबच्या कॉलेजात. पॅथॉलॉजी मात्र आपल्याच शहरात मिळू शकतं. बाबा म्हणतात, "गायनॅकच घे, डॉक्टर म्हणजे पेशंट हवेत." होणाऱ्या सासूबाई म्हणतात, "पॅथॉलॉजी बरं, संध्याकाळी घरी येशील." आणि जिला हे करायचंय, ती नुसतीच मोबाइलमध्ये एक्सेल उघडून बसलेली.

आता क्लिनिकल आणि नॉन-क्लिनिकल हा फरक नीट बघू. मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, बालरोग, भूल हे क्लिनिकल. तिथे समोर पेशंट असतो. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, फार्माकॉलॉजी, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फोरेन्सिक आणि पीएसएम यांना सरसकट नॉन-क्लिनिकल म्हणतात. बाहेरच्यांना वाटतं, की पहिल्या गटात नाइट ड्युटी आणि दुसऱ्या गटात दहा ते पाच. एवढं सोपं असतं, तर एक्सेलची गरजच नव्हती!

पॅथॉलॉजीच्या रेसिडेंटचा दिवस घ्या. ऑपरेशन थिएटरमधून काढलेला अवयव किंवा गाठ फॉर्मेलिनमध्ये बुडवून तिच्याकडे येते. ती तो कापते, मोजते, नेमके तुकडे निवडते. याला ग्रॉसिंग म्हणतात. ते तुकडे रात्रभर प्रोसेस होतात, मेणाच्या ठोकळ्यात बसतात, त्याचे पातळ काप काचेवर येतात, रंगवले जातात आणि मग मायक्रोस्कोपखाली निदान. कधी सर्जन पेशंटचं पोट उघडं ठेवून थांबलेला असतो आणि हिला गोठवलेला काप बघून वीसएक मिनिटांत सांगायचं असतं, की कॅन्सर आहे की नाही. ब्लड बँकेच्या आणि इमर्जन्सी लॅबच्या रात्रपाळ्याही असतात. म्हणजे रेसिडेन्सीची तीन वर्षं आरामाची नसतात. फरक पडतो तो नंतर. एमडी झाल्यावर पॅथॉलॉजिस्टला पहाटे तीनला उठवणारा फोन क्वचित येतो.

गायनॅकचं उलटं नाही, वेगळं आहे. लेबर रूम कधी झोपत नाही. केंद्र सरकारच्या १९९२ सालच्या सूचनांमध्ये रेसिडेंटची सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांहून जास्त नसावी असं लिहिलंय, पण वॉर्डात ते किती पाळलं जातं, हे कुठल्याही रेसिडेंटला विचारा. शिवाय हे तीन वर्षांत संपत नाही. स्वतःची प्रॅक्टिस सुरू झाली, की पेशंट तुमच्या नावाने येतो. त्याची वेळ भरली, की तुमचा रविवार गेला. बदल्यात जे मिळतं तेही मोठं असतं. जन्मलेलं बाळ आईच्या कुशीत देणं, आणि पंधरा वर्षांनी तीच आई आपल्या मुलीला घेऊन तुमच्याकडेच येणं.

म्हणून नुसतं क्लिनिकल की नॉन-क्लिनिकल असं विचारू नका. दोन प्रश्न विचारा. पहिला, पेशंट माझ्या नावाने येणार का? दुसरा, मध्यरात्री फोन येणार का, आणि आला तर मलाच जावं लागणार का? भूलतज्ज्ञाकडे रात्रीचं काम असतं, पण केस संपली, की पेशंट सर्जनचा. डर्मात पेशंट तुमचा असतो, पण इमर्जन्सी फारशी नसते. हे दोन्ही क्लिनिकलच, पण आयुष्य किती वेगळं! तिकडे नॉन-क्लिनिकलमध्ये फार्माकॉलॉजीचा एमडी एखाद्या औषध कंपनीत मेडिकल अॅडव्हायझर होऊन तुमच्याच बिझनेस पार्कच्या फूड कोर्टमध्ये जेवताना दिसेल. तर फोरेन्सिकवाल्याला पोस्टमॉर्टेम असतं आणि साक्षीसाठी कोर्टाच्या तारखाही. शनिवार-रविवार सुट्टी प्रत्येकाच्या नशिबात नसते.

"पॅथॉलॉजी घेतलं म्हणजे लॅबवाली झालीस," असं कोणी म्हणालं, तर त्याला एक गोष्ट सांगा. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. तेव्हा सहीला किंमत आहे. मात्र दुसरी बाजूही आहे. मोठ्या लॅब-साखळ्यांच्या दरांपुढे एकट्याने लॅब काढणं आता सोपं राहिलेलं नाही. त्यामुळे अनेक जण नोकरी धरतात किंवा कॉलेजात शिकवतात.

आता आवडीचं. "मला सेकंड इयरला पॅथॉलॉजी जाम आवडायचं," हे कारण पुरेसं नाही. पुस्तक आवडणं वेगळं आणि रोज तेच काम करणं वेगळं. इंटर्नशिपचं अख्खं वर्ष हाताशी असतं, त्याची आठवण काढा. लेबर रूममध्ये पहाटे चारला वैताग आला, तो झोपेचा होता की समोरच्या माणसांचा? झोपेचा असेल, तर क्लिनिकलला हरकत नाही, झोप नंतर भरून निघते. पण एकामागून एक नातेवाइकांशी बोलणंच नको वाटत असेल, तर तो इशारा आहे. उलट बाजूने, एक अख्खा दिवस ग्रॉसिंग रूममध्ये सीनियरशेजारी उभी राहा. फॉर्मेलिनचा वास, न बोलता तासन् तास काम आणि 'थँक यू डॉक्टर' म्हणणारं कोणी नाही. संध्याकाळी बाहेर पडताना काचेवर पाहिलेली ती विचित्र पेशी डोक्यात घोळत असेल, तर उत्तर मिळालं. नुसतंच घड्याळ बघितलं असेल, तरीही मिळालं.

राहिली रँक. इथेच सगळे घोळ होतात. आपली मैत्रीण लिस्ट लावताना काय करते? मनातून तिला गायनॅक हवंय, पण ते मिळेल की नाही याची धाकधूक. म्हणून 'नक्की मिळेल ते वर' असं म्हणून ती पॅथॉलॉजी पहिल्या नंबरवर टाकते आणि गायनॅक खाली. सीट-वाटप कसं चालतं? रँकप्रमाणे एकेकाचा नंबर येतो. तुमच्या नंबरला कॉम्प्युटर तुमची लिस्ट वरून वाचायला लागतो आणि जी पहिली जागा शिल्लक दिसेल, ती देऊन टाकतो. खाली काय आहे, ते बघतही नाही. म्हणजे त्या दिवशी काठावरचं गायनॅक शिल्लक असलं, तरी तिला पॅथॉलॉजीच मिळणार. आणि गायनॅक वर टाकून ते नसतं मिळालं, तर कॉम्प्युटर खाली उतरून पॅथॉलॉजीपाशीच आला असता. वरची चॉइस हुकल्याचा दंड नसतो. म्हणून क्रम लावायचा तो आवडीने आणि आयुष्याच्या हिशेबाने. रँकने ठरतं एवढंच, की लिस्ट कुठे थांबेल.

मग मागच्या वर्षीच्या याद्या कशाला बघायच्या? लिस्ट किती लांब हवी, हे कळायला. त्यात आपली कॅटेगरी बघा, ऑल इंडिया कोटा आणि राज्याचा कोटा वेगळे वाचा, आणि फेरी बघा. पहिल्या फेरीत बंद झालेली रँक आणि तिसऱ्या फेरीतली रँक यांत बरंच अंतर असतं. मार्कांची तुलना मात्र करू नका, दरवर्षी पेपर वेगळा असतो.

सगळ्यात महत्त्वाची आहे लिस्टमधली शेवटची ओळ. जी सीट मिळाल्यावर तुम्ही जॉइन होणार नाही, ती लिहायचीच नाही. पहिल्या फेरीत ऑल इंडिया कोट्यातून मिळालेली सीट सोडली, तर सहसा फटका बसत नाही. दुसऱ्या फेरीपासून अनामत रक्कम जाते आणि तिसऱ्या फेरीत घेतलेली सीट मग सहजी सोडता येत नाही. अपग्रेड मागितलं आणि मिळालं, की आधीची सीट आपोआप गेली. परत मागायची सोय नाही. त्या त्या वर्षीचं नियमपत्रक वाचाच, कारण त्यात बदल होत राहतात. "आत्ता काहीतरी घेऊ, अभ्यास करत राहू आणि पुढच्या वर्षी सोडू," हा प्लॅन कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात सीट सोडण्याचा दंड राज्यागणिक लाखांत जाऊ शकतो आणि रेसिडेन्सी करता करता पुन्हा रँक सुधारणं कठीण असतं.

आणि नॉन-क्लिनिकलच्या जागा 'उरतात' म्हणून त्यांना कमी लेखू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये सगळ्या कॅटेगरींचा पात्रता पर्सेंटाइल शून्यावर आणला गेला, कारण जागा रिकाम्या राहत होत्या, आणि त्यात नॉन-क्लिनिकल जागा बऱ्याच होत्या. याचा अर्थ काही ब्रँचना रँक लागत नाही इतकाच. त्या ब्रँचचं काम तुम्हाला जमेल किंवा आवडेल का, हे त्यावरून कळत नाही.

आपल्या मैत्रिणीने आता लिस्ट नव्याने लावलीय. वर लांबच्या कॉलेजांतलं गायनॅक, मग शहरातलं पॅथॉलॉजी, मग आसपासच्या जिल्ह्यांतलं पॅथॉलॉजी. त्याखाली अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी लिहायचं का, यावर ती दोन दिवस थांबली. शेवटी नाही लिहिलं. तिच्या हिशेबाने त्यापेक्षा एक वर्ष पुन्हा बसणं स्वस्त आहे. तुमच्या मैत्रिणीचा हिशेब वेगळा असू शकतो. तेव्हा पुढच्या कट्ट्यावर तिला "काय मग, कुठली ब्रँच?" असं विचारू नका. "तुझ्या लिस्टची शेवटची ओळ कुठली?" असं विचारा. ती जरा वेळ गप्प बसेल, पण उत्तर खरं मिळेल!