बचत गटाचा हिशेब : एका दिवसाची कार्यशाळा

तामिळनाडूत शासनाच्या महिला बचत गट कार्यक्रमाची सुरुवात १९८९ मध्ये धर्मपुरी जिल्ह्यातून झाली. चेन्नईत अशा गटांसाठी संगणकीय हिशेबाची एकदिवसीय कार्यशाळा घ्यायची, तर काल्पनिक नमुना टाळून गटाची मागील महिन्याची नोंदवहीच समोर ठेवणे इष्ट.

सकाळचे सत्र कागदावरच जावे. आरंभी शिल्लक ६५० रुपये. बारा सदस्यांची प्रत्येकी १०० रुपये बचत, म्हणजे १,२००. कर्जाची परतफेड ३,०००. १५,००० रुपये येणे कर्जावर दरमहा दोन टक्क्यांनी व्याज ३००. नवे कर्ज ४,०००. अखेरची शिल्लक १,१५० येते. मुद्दल व व्याज एकाच आकड्यात लिहिण्याची सवय येथेच मोडावी, एरवी येणे कर्ज किती उरले हे कळत नाही.

दुपारी दिनांक, सदस्य, प्रकार व रक्कम असे चारच स्तंभ आखावेत. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र ओळ द्यावी. बचतीची बेरीज अशी:

```
=SUMIF(C2:C40,"बचत",D2:D40)
```

उत्तर १,१०० आले, तर कोणीतरी वहीच्या सवयीने `100/-` लिहिले असावे. संगणक ते अक्षरे समजून वगळतो. असा आकडा चौकटीत डावीकडे सरकलेला दिसतो. ‘बचत’ शब्दापुढे पडलेली रिकामी जागाही हाच घोटाळा करते, आणि ती मात्र डोळ्यांना दिसत नाही.

शेवटी पेटीतील रोकड व बँकेचे पासबुक यांची बेरीज १,१५० भरते का, हे सदस्यांनी स्वतः मोजावे. न भरल्यास त्या महिन्याची वही बंद करू नये.