हात टेकले की गुडघे?

‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ पाचवी ते आठवीच्या मराठीच्या पेपरात हा प्रश्न इतका मुरलेला आहे की त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. गुण हमखास मिळतात, गाइडमध्ये उत्तरं तयार असतात आणि डोंबिवलीतल्या कुठल्याही क्लासमध्ये परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यांची घोकंपट्टी होते. माझं म्हणणं असं की हा प्रश्न आज ज्या पद्धतीने विचारला आणि तपासला जातो, त्यातून मुलाला वाक्प्रचार आला की नाही हे अजिबात कळत नाही.

‘हात टेकणे’ घ्या. अर्थ : हार मानणे. वाक्य : ‘राजूने हात टेकले.’ दोन्ही बरोबर, पूर्ण गुण. आता त्याच वाक्यात ‘हात टेकले’ काढून ‘कान टवकारले’ घाला. वाक्य तितकंच ठणठणीत उभं राहतं. ‘धूम ठोकली’ घाला, तरी उभंच. जी जागा कुठल्याही वाक्प्रचाराला चालते, ती जागा या वाक्प्रचाराची नव्हे. तपासणाऱ्याने एवढी अदलाबदल मनात करून पाहिली तरी वहीतली अर्धीअधिक वाक्यं गळतील.

दुसरी गोष्ट अर्थाची. गाइडमध्ये ‘हात टेकणे’ आणि ‘गुडघे टेकणे’ या दोघांपुढे ‘हार मानणे’ लिहिलेलं सापडतं. मग मूल लिहितं, ‘शत्रूने मावळ्यांपुढे हात टेकले.’ कानाला हे खटकतं, पण का खटकतं ते शिक्षकही सांगत नाहीत. गुडघे टेकतो तो दुबळा ठरलेला, समोरच्याच्या ताकदीपुढे नमलेला. हात टेकणारा मात्र बहुधा वरचढच असतो. समजावून, रागावून, सगळे उपाय करून थकलेला. आई मुलापुढे हात टेकते, डॉक्टर पथ्य न पाळणाऱ्या पेशंटपुढे हात टेकतात. शत्रू हात टेकत नाही, कारण तो आपल्याला सुधारायला आलेला नसतो. ‘हार मानणे’ या दोन शब्दांत यातलं काहीच मावत नाही.

‘कानाडोळा करणे’चंही तेच. अर्थ ‘दुर्लक्ष करणे’ असा पाठ झाला की ‘मीनाने अभ्यासाकडे कानाडोळा केला’ हे वाक्य आलंच. दुर्लक्ष नकळतही होतं. कानाडोळा करणाऱ्याने आधी पाहिलेलं असावं लागतं. कल्याण स्टेशनबाहेर रिक्षावाला मीटर पाडायला नकार देतो, शेजारी उभा हवालदार ते ऐकतो आणि मोबाइलमध्ये डोकं घालतो : हा कानाडोळा.

म्हणींच्या बाबतीत तर प्रश्नच चुकीचा आहे. वाक्प्रचार वाक्यात मिसळतो, त्याचं क्रियापद बदलतं : टेकले, टेकायला लावले, टेकणार नाही. म्हण स्वतःच पुरं विधान असते. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण पहिल्याने काहीतरी सबब सांगितल्याशिवाय दुसऱ्याला म्हणताच येत नाही. म्हणजे उत्तराला किमान दोन माणसं आणि दोन वाक्यं हवीत, आणि उत्तरपत्रिकेत जागा एका ओळीची. (फ्लॅटमधल्या मुलांना अंगण माहीत नाही म्हणून म्हणी कळत नाहीत, हे रडगाणं मला पटत नाही. ‘बॅटच हलकी होती’ म्हणणारा मित्र प्रत्येक सोसायटीत असतो.)

पूर्वी हे निभावून जायचं, कारण घरात आजी होती. मूल वहीत काहीही लिहो, वापर कानावर पडत होता. 2020च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. ठाणे-डोंबिवलीच्या वर्गांत आता तमिळ, गुजराती, हिंदी, सिंधी घरांतली मुलंही हाच प्रश्न सोडवतात, आणि त्यांच्याजवळ त्या गाइडमधल्या दोन शब्दांपलीकडे काही नसतं. त्यांना ‘हात टेकणे’ म्हणजे ‘हार मानणे’ असं सांगणं ही शुद्ध फसवणूक आहे. दाते-कर्वे यांनी 1940च्या दशकात महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे दोन भाग काढले; त्यानंतर इतक्या वर्षांनी शाळेत आपण एका ओळीच्या यादीवर यावं?

शिक्षक म्हणतात, साठ वह्या असतात, लांब उत्तरं कोण तपासणार? रास्त आहे. पण लांब उत्तर नकोच आहे. प्रसंग आपण द्यायचा, निवड मुलाने करायची. उदाहरणार्थ : ‘आजोबांनी सोहमला मोबाइल ठेवायला पाच वेळा सांगितलं, मग चार्जर लपवला, शेवटी काही न बोलता ते फिरायला निघून गेले. आजोबांनी कानाडोळा केला, हात टेकले की गुडघे टेकले? उरलेल्या दोघांपैकी एक इथे का बसत नाही, ते एका वाक्यात लिहा.’ दोन गुण.