घटसर्पाबाबत चिकोडी तालुक्यातील पालकांना जाहीर आवाहन

चिकोडी, निपाणी आणि सीमाभागातील सर्व पालकांना, तसेच ऊसतोडीच्या हंगामात परगावाहून येणाऱ्या कुटुंबांना कळविण्यात येते की, मुलाचा घसा दुखत असेल, अंगात थोडासा ताप असेल आणि टॉन्सिलवर राखाडी-पांढरा पापुद्रा दिसत असेल, तर तो घटसर्प असू शकतो. हा पापुद्रा मृत पेशी, जंतू आणि गोठलेला स्राव यांचा बनलेला असतो व घशाच्या त्वचेला घट्ट चिकटलेला असतो. तो खरवडला तर रक्त येते, म्हणून घरी बोटाने किंवा कापडाने काढण्याचा प्रयत्न करू नये. पापुद्रा खाली श्वासनलिकेत पसरला, तर श्वास कोंडतो; मानेला मोठी सूज येणे हेही गंभीर आजाराचे लक्षण आहे.

घटसर्पाचे जंतू बहुधा घशातच राहतात, परंतु त्यांनी तयार केलेले विष रक्तातून हृदय आणि मज्जातंतूंपर्यंत पोहोचते व पेशींमधील प्रथिननिर्मिती बंद पाडते. यामुळे घसा बरा होत आलेला असताना, साधारणपणे पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत, हृदयाच्या स्नायूला सूज येऊन ठोके अनियमित होऊ शकतात. त्यानंतरच्या आठवड्यांत टाळू लुळी पडल्यास आवाज नाकातून येतो आणि प्यायलेले पाणी नाकावाटे बाहेर पडते. हातापायांची कमजोरी तर दीड-दोन महिन्यांनीही दिसू शकते. म्हणून ताप उतरला तरी डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती आणि ईसीजी तपासणी टाळू नये.

घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार होणारे प्रतिविष रक्तात मोकळे असलेले विष निष्प्रभ करते, मात्र पेशींत शिरलेल्या विषावर त्याचा उपाय चालत नाही. म्हणूनच संशय येताच, घशाच्या नमुन्याच्या अहवालाची वाट न पाहता, ॲलर्जीची चाचणी घेऊन ते दिले जाते. पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन जंतूंना मारते, तरी आधीच तयार झालेले विष त्याने नाहीसे होत नाही. त्यामुळे औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून दोन दिवस वाट पाहणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी १०८ वर संपर्क साधून मुलाला थेट तालुका रुग्णालयात न्यावे आणि घरातील सर्वांचीही तपासणी करून घ्यावी.

लस मात्र विष तयार होण्यापूर्वीच शरीराला त्याच्याशी लढण्यास शिकवते, कारण तिच्यात निर्विष केलेले घटसर्पाचे विष असते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट मात्रांनंतर सोळा ते चोवीस महिन्यांत व पाच-सहा वर्षांच्या वयात डीपीटीचे बूस्टर, आणि पुढे दहा व सोळा वर्षांच्या वयात टीडीची मात्रा दिली जाते. लसीने मिळालेले संरक्षण काळानुसार ओसरत असल्यामुळे पहिल्या तीन मात्रा पुरेशा नाहीत, आणि आजार होऊन गेलेल्या मुलालाही लस द्यावी लागते. पालकांनी तायी कार्ड काढून राहिलेल्या मात्रा तपासाव्यात व आशा कार्यकर्तीकडून त्या पूर्ण करण्याची तारीख घ्यावी. कार्ड हरवले असले, तरी लसीकरण सुरू करता येते.